जनरेटरचा मासिक आकार: हिशोब कसा बसवायचा आणि फ्लॅटधारकांना नोटीस कशी द्यायची

लाईट गेल्यावर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालू राहावेत, याला इमारतीत कुणाचाच विरोध नसतो. वाद होतो तो मेंटेनन्सच्या बिलात ‘जनरेटर’ नावाची नवी ओळ दिसल्यावर, आणि त्यामागे बहुधा अर्धवट नोटीस असते. ‘पुढील महिन्यापासून प्रत्येकी २०० रुपये जनरेटर चार्ज भरावा, आदेशावरून’ एवढंच फलकावर लागलं की पहिल्या मजल्यावरचे विचारतात, आम्ही लिफ्ट वापरतच नाही. फ्लॅट बंद ठेवून पुण्याला असणारे विचारतात, आम्ही कशाचे द्यायचे? आणि सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असतं की २०० हा आकडा आला कुठून. त्याचं उत्तर कमिटीकडे नसेल तर वसुली पहिल्याच महिन्यात अडते.

म्हणून आधी हिशोब, मग सभेचा ठराव आणि शेवटी नोटीस, असा क्रम ठेवावा. पुढचं उदाहरण कोल्हापुरात सर्रास दिसणाऱ्या इमारतीचं आहे: खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट म्हणजे एकूण २८ फ्लॅट, एक लिफ्ट, पाण्याची ५ एचपीची मोटर आणि २५ केव्हीएचा डिझेल जनरेटर. आकडे हिशोब दाखवण्यासाठी धरले आहेत. तुमच्या इमारतीचे आकडे त्या जागी घातले की रीत तीच राहते.

पहिली गोष्ट: तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट?

बोलताना आपण सगळ्याच इमारतींना अपार्टमेंट म्हणतो, पण खर्च कसा वाटायचा हे नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे त्यावर ठरतं. नोंदणीचा कागद बघितल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था असेल, तर आदर्श उपविधींनुसार लिफ्टची देखभाल, दुरुस्ती आणि ती चालवण्याचा खर्च, ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो. सभासद लिफ्ट वापरतो की नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही. उपविधीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या मजल्याच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे. ते नोटिशीत एका वाक्यात लिहावं, भांडण झाल्यावर तोंडी सांगू नये.

महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम १९७० खाली घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, केलेलं असेल तर नियम वेगळा आहे. त्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे सामाईक खर्च प्रत्येक फ्लॅटच्या सामाईक क्षेत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने आकारायचा असतो. ही टक्केवारी घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटसमोर छापलेली असते. अशा इमारतीत ‘सगळ्यांना सारखंच’ म्हणून आकार लावला तर लहान फ्लॅटवाल्याचा आक्षेप कायद्याला धरून असतो, आणि तो निबंधकाकडे गेला तर कमिटीची बाजू लंगडी पडते. बिल्डरने दिलेल्या फायलीत घोषणापत्र सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढता येते.

ताशी डिझेल किती लागतं, हे टाकीवरून मोजा

सगळा हिशोब या एका आकड्यावर उभा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण माहितीपत्रकातून उचलतात. कंपनीच्या कागदावर पूर्ण भाराचा किंवा तीन-चतुर्थांश भाराचा खप दिलेला असतो. २५ केव्हीएचा सेट पूर्ण भारावर तासाला पाच लिटरच्या वर जातो. तुमच्या इमारतीत मात्र लिफ्ट सलग चालत नाही. मधल्या वेळात सेटवर फक्त एलईडी दिव्यांचा किरकोळ भार असतो, त्यामुळे खप निम्म्याच्या आसपास राहतो. कागदावरचा आकडा धरलात तर डिझेलचा खर्च दुप्पट दिसेल आणि आकारही तेवढाच फुगेल.

मोजायची पद्धत साधी आहे. टाकी गळ्यापर्यंत भरा आणि पॅनलवरच्या अवर मीटरचा आकडा लिहून ठेवा. मग नेहमीसारखी लाईट जाऊ-येऊ द्या. सेट निदान सात-आठ तास चालला की टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा आणि किती लिटर बसलं ते बघा. समजा अवर मीटर ४१२.६ वरून ४२०.६ वर गेला आणि २० लिटर बसलं, तर ८ तासांना २० लिटर, म्हणजे ताशी अडीच लिटर. एका तासाच्या चाचणीवर विसंबू नका. टाकीच्या गळ्याशी एखाद्या लिटरची चूक सहज होते. आठ तासांत ती पोटात जाते, पण एका तासात सगळा हिशोबच बिघडवते.

वर्षाचे तास मोजा

आकार मे महिन्यात ठरवला तर जास्त ठरतो आणि जानेवारीत ठरवला तर कमी. कोल्हापुरात एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस झाला की झाडं आणि फांद्या तारांवर पडतात. जूननंतर सततचा पाऊस आणि वारा असतो. ऑक्टोबरनंतर मात्र महावितरणचा ठरवून घेतलेला देखभालीचा शटडाऊन सोडला तर बराच काळ निवांत जातो. म्हणून बारा महिन्यांचीच बेरीज लागते. जनरेटर आधीपासून असेल तर अवर मीटरचा मागच्या एप्रिलचा आणि या एप्रिलचा आकडा वजा करा. नोंद नसेल तर महावितरणच्या एसएमएसवरून आणि वॉचमनच्या वहीवरून अंदाज बांधा, आणि तो अंदाज आहे हे नोटिशीत स्पष्ट लिहा.

आपल्या उदाहरणात लाईट गेल्यामुळे सेट वर्षभरात ९३.५ तास चालला, त्यातले ६६ तास एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आणि २७.५ तास ऑक्टोबर ते मार्चमध्ये. शिवाय दर पंधरवड्याला १५ मिनिटं चाचणीसाठी चालवायचा, म्हणजे वर्षाचे ६.५ तास. ही चाचणी वगळू नका. महिनाभर न चालवलेल्या सेटची बॅटरी नेमकी वादळाच्या रात्री दगा देते. चाचणीही लिफ्ट जोडून, म्हणजे भार देऊन घ्यायची. रिकामं इंजिन चालवत राहिलं की डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळं तेलकट पाणी दिसायला लागतं. तसं दिसलं तर सेटवर भार फार कमी पडतोय असं समजावं.

एकूण १०० तास, ताशी अडीच लिटर, म्हणजे वर्षाला २५० लिटर डिझेल. इथे दर लिटरला ९२ रुपये धरला आहे. तुम्ही ठरावाच्या दिवशीचा पंपावरचा दर घाला आणि तो नोटिशीत लिहा, म्हणजे पुढे दर बदलल्यावर फरक कशामुळे पडला ते दाखवता येतं. २५० लिटरचे २३,००० रुपये झाले. ५०-५० लिटर आणण्याच्या पाच खेपांचं टेम्पोभाडं १,००० रुपये. डिझेलचा भाग एकूण २४,००० रुपये.

सेट चालो न चालो, होणारा खर्च

वर्षातून एकदा ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदलणं आणि कूलंट तपासणं, हे तास कमी भरले तरी करावंच लागतं; ऑइल उभ्याउभ्याही खराब होतं. याचे मजुरीसह १४,००० रुपये धरू. बॅटरी ९,००० ची आणि तीन वर्षं टिकणारी धरली तर वर्षाला ३,००० रुपये. पट्टा, होज पाइप, ऑटो पॅनलचा रिले अशा किरकोळ दुरुस्तीसाठी ६,००० रुपये बाजूला. एकूण २३,००० रुपये.

यात सेटच्या किमतीचा एक रुपयाही मिसळू नका. जुना सेट बदलून नवा घ्यायचा असेल, किंवा घेतलेल्या सेटचे पैसे वसूल करायचे असतील, तर तो भांडवली खर्च आहे. त्यासाठी सिंकिंग फंड किंवा वेगळी वर्गणी आणि सभेचा वेगळा ठराव लागतो. दोन्ही एकाच ओळीत टाकले की किंमत फिटल्यावरही आकार तसाच चालू राहतो आणि दोन वर्षांनी तो कशाचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही. थकबाकीदार धरून आकार थोडा वाढवून ठेवण्याचा मोहही टाळावा. वेळेवर भरणाऱ्याने न भरणाऱ्याचा भार का उचलायचा?

आकार काढणे

डिझेलचे २४,००० आणि देखभालीचे २३,००० मिळून वर्षाला ४७,००० रुपये. महिन्याला ३,९१६ रुपये ६७ पैसे.

सोसायटी असेल तर भागिले २८, म्हणजे १३९ रुपये ८८ पैसे. आकार १४० रुपये. त्यातले ७१ रुपये डिझेलचे आणि ६९ रुपये देखभालीचे. हे दोन भाग नोटिशीत वेगळे दाखवा. बंद फ्लॅटच्या मालकाचा आक्षेप इथेच मिटतो: जवळजवळ निम्मा खर्च सेट चालो न चालो होतच असतो, आणि उरलेल्यातून जी लिफ्ट आणि जे दिवे चालतात ते त्याच्याही इमारतीचे आहेत.

अपार्टमेंट असेल आणि घोषणापत्रात २० फ्लॅटना प्रत्येकी ३.२ टक्के आणि ८ मोठ्या फ्लॅटना प्रत्येकी ४.५ टक्के हिस्सा असेल, तर लहान फ्लॅटला १२५ रुपये ३३ पैसे आणि मोठ्याला १७६ रुपये २५ पैसे येतात. वरच्या रुपयात घेतले तर १२६ आणि १७७. सगळे हिस्से मिळून १०० टक्के भरतात ना, हे आधी तपासा. जुन्या घोषणापत्रांत टंकलेखनाच्या चुका असतात आणि बेरीज ९९ च्या आत राहते. तसं असेल तर आकार लावण्याआधी सल्लागाराकडून तो घोळ निस्तरून घ्यावा.

हिशोब सहामाहीला मिटवू नका, वर्षाने मिटवा

पारदर्शकतेच्या उत्साहात कमिट्या ‘दर सहा महिन्यांनी जमा-खर्च मिटवू’ असं लिहून देतात. कोल्हापुरात ते अंगाशी येतं. आपल्याच उदाहरणात बघा. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये चाचणीसह ६९.२५ तास भरतात, म्हणजे साधारण १७३ लिटर, सुमारे १५,९०० रुपयांचं डिझेल. त्या सहा महिन्यांत डिझेलपोटी जमा होतात ७१ गुणिले २८ गुणिले ६, म्हणजे ११,९२८ रुपये. चार हजार रुपये कमी पडले, आकार वाढवा, असा ठराव सप्टेंबरअखेर येणार. पुढच्या सहा महिन्यांत मात्र सुमारे ७,१०० रुपयांचंच डिझेल लागतं आणि तेच चार हजार परत वर येतात. आकार पहिल्यापासून बरोबरच होता.

म्हणून सहा महिन्यांनी फक्त विवरण लावावं आणि हिशोब ३१ मार्चला मिटवावा. जास्त जमा झाले असतील तर एप्रिलच्या बिलात वजा करावेत, कमी पडले असतील तर सभेत आकडे ठेवून नवा आकार ठरवावा. वसुली ऑक्टोबरपासून सुरू केली तर पावसाळ्याआधी थोडी शिल्लक साठते; पहिल्या ३१ मार्चला सहाच महिने झालेले असतात, म्हणून ती तेव्हा वजा करू नये. एप्रिलपासून करणार असाल तर चार-पाच हजार रुपये सामाईक निधीतून उसने घ्यावे लागतील, आणि तेही ठरावात लिहून घ्यावं.

महापुराची तरतूद वेगळी लिहा

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूरला विसरता येण्यासारखा नाही. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की नदीकाठच्या भागात वीजपुरवठा सुरक्षेसाठीही बंद ठेवावा लागतो, आणि तो तासांत परत येईल याची खात्री नसते. सेट तीन दिवस सलग चालवला तर ७२ तासांना १८० लिटर, म्हणजे १६,५६० रुपये. वर्षभराच्या डिझेलची दोन-तृतीयांशाहून मोठी रक्कम तीन दिवसांत संपते. वर महामार्ग बंद झाला की टँकर येत नाहीत आणि पैसे असूनही डिझेल मिळत नाही.

यासाठी नोटिशीत एक कलम असावं: लाईट सलग २४ तासांपेक्षा जास्त गेली तर सेट ठरलेल्या वेळेतच चालेल, उदाहरणार्थ सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. पाच तासांना साडेबारा लिटर, दिवसाला १,१५० रुपये. चोवीस तास चालवला तर ६० लिटर आणि ५,५२० रुपये. वृद्ध, आजारी, डायलिसिसला जाणारे यांच्यासाठी वॉचमनला सांगून लिफ्ट मध्ये सुरू करता येईल, हेही त्याच कलमात लिहा. अशा प्रसंगाचा जादा खर्च मासिक आकारात धरलेला नाही आणि तो प्रत्यक्ष पावत्यांनुसार वेगळा आकारला जाईल, हे आधीच सांगितलेलं बरं. सेट तळघरात किंवा सखल पार्किंगमध्ये असेल आणि तुमच्या गल्लीत २०१९ ला पाणी आलं असेल, तर तो पाण्याच्या त्या खुणेपेक्षा उंच चौथऱ्यावर घेणं हे आकाराच्या आधीचं काम आहे.

जनरेटरवर काय चालेल आणि काय नाही

हे नोटिशीत लिहिलं नाही तर पैसे भरणारा प्रत्येक जण आपल्या परीने अपेक्षा ठेवतो. लिफ्ट, जिना, पॅसेज, पार्किंग आणि गेटचे दिवे, सीसीटीव्ही, हे चालेल. घरातला एकही पॉइंट चालणार नाही. पॅसेजमधल्या सामाईक लाइनवरून कुणी बोर्ड काढून घरात घेतलेला नाही ना, हे आकार सुरू होण्यापूर्वी वायरमनकडून तपासून घ्या. असं कनेक्शन सापडलं तर ते गाजावाजा न करता काढावं, पण काढावंच. सगळ्यांच्या डिझेलवर एकाचा फ्रिज चालू आहे हे कळलं की बाकीचे भरणं थांबवतात.

पाण्याच्या मोटरचा विचार वेगळा करावा लागतो. २५ केव्हीएचा सेट साधारण ३५ अँपिअर देतो. ५ एचपीची मोटर चालू असताना सात-आठ अँपिअरच घेते, पण स्टार्टर साधा असेल तर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या सहापट, पंचेचाळीसच्या आसपास ओढते. त्याच वेळी लिफ्ट माणसं घेऊन वर जात असेल तर व्होल्टेज बसतं, लिफ्टचा ड्राइव्ह कमी व्होल्टेजचा फॉल्ट दाखवून बंद पडतो आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. लोक लिफ्टवाल्याला बोलावतात आणि त्याला काहीच बिघाड सापडत नाही. जनरेटर चालू असताना मोटर लागताक्षणीच लिफ्ट थांबते असं दोनदा दिसलं, तर कारण हेच. उपाय असा की जनरेटरवर मोटर ऑटोमध्ये ठेवायची नाही. लाईट लांबली तर वॉचमनने लिफ्ट खालच्या मजल्यावर उभी करून मोटर सुरू करायची आणि मग लिफ्ट सोडायची.

रात्रीचा प्रश्नही खर्चाचा आहे. मध्यरात्री ते पहाटे पाच लिफ्ट जवळपास वापरात नसते आणि चारशे-पाचशे वॅटच्या दिव्यांसाठी अख्खा सेट धडधडत असतो. भार नसला तरी इंजिन तासाला दोनेक लिटर पितं, म्हणजे पावणेदोनशे रुपयांच्या वर. या वेळेत दिवे सामाईक इन्व्हर्टरवर ठेवावेत आणि लिफ्टची गरज पडली तर वॉचमनने सेट हाताने सुरू करावा. याला दोन अटी आहेत. लिफ्टला लाईट जाताच जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं बॅटरीचं एआरडी यंत्र बसवलेलं आणि चालू असलं पाहिजे. आणि आगीचा पंप याच सेटवर असेल तर हा नियम लावायचाच नाही. तो सेट चोवीस तास ऑटोवरच राहिला पाहिजे.

ऑटो पॅनलमध्ये लाईट गेल्यापासून सेट सुरू होईपर्यंतचा वेळ २० ते ३० सेकंद ठेवून घ्या. पावसाळ्यात क्षणभर जाऊन येणाऱ्या लाईटला सेट दरवेळी सुरू झाला तर बॅटरी आणि स्टार्टर लवकर जातात. ‘लिफ्ट अर्धा मिनिट बंद का होती’ ही तक्रारही नोटिशीतल्या एका ओळीने टळते.

सभा आणि ठराव

नवा आकार एकट्या कमिटीने लावायचा नाही, तो सर्वसाधारण सभेचा विषय आहे. वार्षिक सभा लांब असेल तर विशेष सर्वसाधारण सभा घ्या. आदर्श उपविधींनुसार तिची सूचना पूर्ण पाच दिवस आधी द्यावी लागते, वार्षिक सभेची चौदा दिवस आधी. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी ती; २८ सभासदांना १९ लागतात. अपार्टमेंट असेल तर तुमच्या घोषणापत्रासोबतचे उपविधी बघा. विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये हा विषय घुसवू नका. ‘जनरेटरच्या मासिक आकारास मंजुरी देणे’ असं स्वतंत्र लिहा आणि वरचा हिशोब एका पानावर सूचनेसोबतच वाटा. ठरावात रक्कम, वाटपाची पद्धत, सुरू होण्याची तारीख, डिझेलचा धरलेला दर आणि पुराचं कलम, एवढं आलंच पाहिजे.

नोटिशीचा मसुदा

ठराव झाल्यावर लावायची नोटीस एका पानात बसवा. सोसायटीसाठी ती अशी होईल:

> सूचना क्र. ____ दिनांक ____
>
> प्रति, सर्व सभासद व फ्लॅटधारक
>
> विषय: वीजपुरवठा खंडित असताना लिफ्ट व सामाईक दिव्यांसाठी जनरेटरचा मासिक आकार
>
> दि. ____ रोजीच्या विशेष सर्वसाधारण सभेतील ठराव क्र. ____ नुसार दि. १ ऑक्टोबरपासून प्रत्येक फ्लॅटला दरमहा १४० रुपये ‘जनरेटर खर्च’ या स्वतंत्र नावाने मेंटेनन्सच्या बिलात आकारले जातील.
>
> हा आकार असा ठरला आहे: वर्षाला १०० तास, ताशी अडीच लिटर याप्रमाणे २५० लिटर डिझेल, दर ९२ रुपये, वाहतुकीसह २४,००० रुपये. सर्व्हिसिंग, बॅटरी व किरकोळ दुरुस्ती २३,००० रुपये. एकूण ४७,००० रुपये, भागिले १२ महिने, भागिले २८ फ्लॅट. नवीन जनरेटर खरेदीची कोणतीही रक्कम यात नाही.
>
> उपविधीनुसार लिफ्ट चालवण्याचा खर्च, वापर असो वा नसो, सर्व सभासदांत समान वाटला जातो. त्यामुळे मजला किंवा बंद फ्लॅट या कारणाने सवलत देता येणार नाही.
>
> जनरेटरवर लिफ्ट, जिना, पॅसेज, पार्किंग व गेटचे दिवे आणि सीसीटीव्ही चालतील. फ्लॅटमधील वीज चालणार नाही. लाईट गेल्यावर लिफ्ट सुरू होण्यास साधारण अर्धा मिनिट लागेल. तोवर लिफ्टमध्ये असलेल्यांनी दार ओढू नये. रात्री १२ ते ५ या वेळेत दिवे इन्व्हर्टरवर राहतील. लिफ्टची गरज असल्यास वॉचमनला सांगावे.
>
> वीजपुरवठा सलग २४ तासांहून अधिक बंद राहिल्यास जनरेटर सकाळी ७ ते ९ व सायंकाळी ६ ते ९ चालेल. वृद्ध व आजारी व्यक्तींसाठी वॉचमनला सांगून इतर वेळीही लिफ्ट सुरू करता येईल. या काळातील जादा डिझेलचा खर्च पावत्यांनुसार वेगळा आकारला जाईल.
>
> जनरेटरची नोंदवही व डिझेलच्या पावत्या कार्यालयात पाहता येतील. सहामाही विवरण फलकावर लावले जाईल व पूर्ण वर्ष झाल्यानंतरच्या ३१ मार्चला जमा-खर्चाचा मेळ घालून शिल्लक एप्रिलच्या बिलात वजा केली जाईल. हरकत असल्यास १५ दिवसांत लेखी द्यावी.
>
> चेअरमन सेक्रेटरी खजिनदार

अपार्टमेंटमध्ये विषयाच्या ओळीनंतरच्या पहिल्या परिच्छेदात १२६ आणि १७७ हे दोन्ही आकार लिहा, तिसऱ्यात उपविधीऐवजी घोषणापत्र आणि कलम १० यांचा उल्लेख करा, आणि मागच्या पानावर फ्लॅटनिहाय टक्केवारी जोडा. दुसऱ्यातला शेवटचा भागाकारही बदला. तिथे ‘भागिले २८’ ऐवजी ‘घोषणापत्रातील हिश्श्याप्रमाणे’ असं येईल.

नोटीस फलकावर आणि लिफ्टमध्ये लावा, ग्रुपवर टाका, पण बाहेरगावी राहणाऱ्या मालकांना ईमेलने किंवा टपालाने स्वतंत्र पाठवा आणि पोच ठेवा. भाडेकरूच्या हातात दिलेली नोटीस मालकाला मिळाली असं धरू नका. बिल मालकाच्या नावाने निघतं. त्याने ते भाडेकरूकडून घ्यायचं की स्वतः भरायचं हा त्यांचा आपसातला प्रश्न आहे.

नोंदवही

पहिल्या दिवसापासून सेटजवळ एक वही बांधून ठेवा. तारीख, लाईट गेल्याची वेळ, सुरू करतानाचा अवर मीटर, बंद करतानाचा अवर मीटर, भरलेलं डिझेल आणि सही, एवढे रकाने पुरेत. सेक्रेटरीने महिन्यातून एकदा लिटर भागिले तास काढावेत.

अडीचचा आकडा हळूहळू किंवा एकदम ३.२ वर गेला तर लगेच चोरीचा संशय वॉचमनवर घेऊ नका. आधी धूर बघा: भारावर काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर तुंबलेला असतो. मग सेटखालची फरशी आणि डिझेलच्या नळीचे सांधे हाताने पुसून बघा, गळती बोटाला लगेच कळते. त्यानंतर वायरमनला लिफ्ट उभी असताना क्लॅम्प मीटरने सेटवरचा भार मोजायला सांगा. नुसत्या दिव्यांना लागतो त्याहून बराच जास्त दिसला तर सामाईक लाइनवर कुणीतरी नवं काहीतरी जोडलं आहे. हे तिन्ही ठीक निघालं, तर टाकीच्या झाकणाला कुलूप लावा आणि पुढच्या दोन भरण्या कमिटीतल्या एकाने समोर उभं राहून कराव्यात. आकडा परत अडीचवर आला तर डिझेल कुठे जात होतं ते समजेल.